क्रिटिकल व्हॅल्यूच्या फोनची नोंद : रुग्णालयांच्या प्रमुखांना एक खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक, अधिसेविका आणि प्रयोगशाळा प्रमुख यांस,

सादर नमस्कार.

मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत वरिष्ठ तंत्रज्ञ आहे आणि माझ्या नोकरीतला मोठा काळ रात्रपाळीत गेला आहे. प्रयोगशाळेच्या टेबलावर असलेल्या एका रजिस्टरविषयी मी हे पत्र लिहीत आहे. कुठे त्याला ‘क्रिटिकल कॉल रजिस्टर’ म्हणतात, जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘पॅनिक बुक’ आहे. रुग्णाच्या जिवाला तातडीचा धोका दाखवणारा निकाल हाती आला की छापील रिपोर्टची वाट न पाहता तो फोनवरून कळवायचा आणि कळवल्याची नोंद या वहीत करायची, हा नियम आपल्या सर्वांकडे आहे. फोन होतात, नोंदीही होतात. परंतु पुढे कधी त्या फोनबद्दल प्रश्न उभा राहिला, तर बहुतेक नोंदी त्याचे उत्तर देऊ शकत नाहीत. त्या तशा का राहतात आणि कशा असायला हव्यात, हे एका घडलेल्या प्रसंगावरून मांडते.

प्रसंग पावसाळ्यातला आहे. तापाच्या वॉर्डात डेंग्यूचे रुग्ण भरले होते. त्यांतल्या एका बाईंचा सीबीसीचा नमुना मध्यरात्रीनंतर प्रयोगशाळेत आला आणि काउंटरने प्लेटलेट १२,००० दाखवल्या. ड्युटीवरच्या तंत्रज्ञाने करायला हवे ते सगळे केले. नळीत गुठळी झाली आहे का हे काडी फिरवून पाहिले आणि प्लेटलेटचे पुंजके होऊन आकडा खोटा कमी आला नसावा, म्हणून स्मिअर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आकडा खरा होता. त्याने संगणकावर निकाल व्हेरिफाय केला आणि वॉर्डात इंटरकॉम लावला. रजिस्टरमध्ये त्याने लिहिले ते असे : “२.१० – प्लेटलेट लो – फीमेल फीवर वॉर्ड – सिस्टरना कळवले – रीड-बॅक ✓.”

वॉर्डातल्या वहीत त्याच रात्रीची नोंद होती : “२.४५ – लॅबचा फोन – प्लेटलेट १.२ लाख.” आणि औषधांच्या तक्त्यावर आणखी एक नोंद होती : “२.३० – पॅरासिटामॉल इंजेक्शन, आयएम.” म्हणजे ताप चढला म्हणून स्नायूत इंजेक्शन दिले गेले होते. प्लेटलेट बारा हजारांपर्यंत उतरलेल्या असताना स्नायूत सुई टोचणे टाळायचे असते, कारण आतल्या आत रक्त साचते. त्या बाईंच्या नितंबात तसेच रक्त साकळले. सकाळच्या राउंडला छापील रिपोर्ट पाहून डॉक्टर दचकले, पुढचे उपचार झाले आणि काही दिवसांनी त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. मग चौकशी बसली. त्या चौकशीत प्रयोगशाळेच्या बाजूने मी होते.

प्रश्न साधा होता. फोन इंजेक्शनच्या आधी झाला की नंतर? प्रयोगशाळेच्या वहीवर विश्वास ठेवला तर फोन २.१० ला झाला होता, म्हणजे वॉर्डाला वीस मिनिटे आधी कळलेले असूनही इंजेक्शन दिले गेले. वॉर्डाची वही खरी धरली तर फोन २.४५ ला आला, म्हणजे इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरांचा काहीच दोष नाही. दोन वह्यांमध्ये पस्तीस मिनिटांचा फरक होता आणि त्या फरकात एका माणसाची नोकरी अडकली होती.

पहिला धागा संगणकाने दिला. निकाल व्हेरिफाय झाल्याची संगणकातली वेळ ०२:२१ होती. निकाल नक्की होण्याआधी अकरा मिनिटे तो कळवला कसा? तंत्रज्ञ पुन्हा पुन्हा सांगत होता की व्हेरिफाय केल्यावर दोन-चार मिनिटांतच त्याने फोन लावला. शेवटी कोणाच्या तरी लक्षात आले की प्रयोगशाळेतले भिंतीवरचे घड्याळ संगणकापेक्षा पंधरा मिनिटे मागे आहे. त्याने वर पाहून घड्याळातली वेळ लिहिली होती. म्हणजे फोन खऱ्या वेळेप्रमाणे ०२:२५ च्या सुमारास झाला. मग वॉर्डातले घड्याळ पाहिले, तर ते आठ मिनिटे पुढे निघाले. त्या हिशेबाने इंजेक्शन ०२:२२ ला दिले गेले होते, फोनच्या तीन मिनिटे आधी. आणि वॉर्डातले २.४५ म्हणजे खरे ०२:३७. पण ते फोन आल्याचे नव्हते, सिस्टरांना दुसऱ्या रुग्णाची सलाईन सुरू करून झाल्यावर वहीत लिहायला सवड मिळाली त्याचे होते.

हे सगळे आम्ही प्रसंगानंतर आठवड्याने शोधले. घड्याळे त्या रात्रीही नेमकी तेवढीच मागेपुढे होती, हे कोण सांगणार? तीन मिनिटांचा निकाल अशा पायावर देता येत नाही आणि चौकशीनेही तो दिला नाही. दोघेही प्रामाणिक होते, दोघांनीही नोंद केली होती आणि तरीही काय घडले ते दोन्ही नोंदी मिळूनही सांगू शकल्या नाहीत.

म्हणून वेळेबद्दल माझे पहिले म्हणणे असे आहे की आपल्या रजिस्टरमध्ये ‘वेळ’ नावाचा जो एकच रकाना असतो, तो पुरेसा नाही. क्रिटिकल निकालाच्या प्रवासात तीन वेळा वेगवेगळ्या असतात. निकाल नक्की झाला ती एक, पहिल्यांदा फोन लावला ती दुसरी आणि समोरच्या व्यक्तीने निकाल लिहून घेऊन बरोबर वाचून दाखवला ती तिसरी. पहिली वेळ संगणक आपोआप ठेवतो. उरलेल्या दोन वेळा हाताने लिहायच्या, आणि त्या ज्या संगणकावर निकाल व्हेरिफाय केला त्याच्याच कोपऱ्यातल्या घड्याळावरून लिहायच्या, म्हणजे तिन्ही वेळा एकाच घड्याळाच्या होतात. पहिली आणि दुसरी यांतला वेळ प्रयोगशाळेचा असतो. दुसरी आणि तिसरी यांतला वेळ बहुतेकदा न उचललेल्या फोनचा असतो. एकाच रकान्यात हे दोन्ही मिसळले, की उशीर कुठे झाला ते कधीच दिसत नाही.

वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने लिहावी, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे विसरतात. त्याहून कमी लक्षात येणारी गोष्ट तारखेची आहे. रात्रपाळी चौदा तारखेला सुरू झाली की पानाच्या डोक्यावर तंत्रज्ञ १४ लिहितो आणि मध्यरात्रीनंतरच्या सगळ्या नोंदी त्याच तारखेखाली जातात. सहा महिन्यांनी कोणी ते पान उघडले, तर ०२:२५ चा फोन रुग्ण दाखल होण्याच्या आदल्या पहाटे झालेला दिसतो. तारीख प्रत्येक ओळीत लिहिली की हा घोळ उरत नाही.

आता आकड्याकडे वळते, कारण त्या रात्रीचा खरा घात आकड्याने केला. वेळेचा वाद बाजूला ठेवला तरी एवढे निश्चित होते की वॉर्डात १.२ लाख लिहिले गेले, आणि तो आकडा पाहून रात्री डॉक्टरांना उठवण्याचे कारणच कोणाला दिसले नाही. डेंग्यूच्या वॉर्डात सव्वा लाखाच्या आसपासच्या प्लेटलेट म्हणजे रोजचीच गोष्ट. हे कसे झाले, ते तंत्रज्ञाने स्वतःच सांगितले. आमच्या रिपोर्टवर प्लेटलेट लाखांत छापल्या जात. बारा हजार म्हणजे ०.१२ लाख. तो फोनवर म्हणाला, “पॉइंट वन टू.” पलीकडे ऐकले गेले, “वन पॉइंट टू.” दोन्हींत शब्द तेच तीन आहेत, फक्त ‘पॉइंट’ची जागा बदलली आणि आकडा दहापट झाला. सिस्टर म्हणाल्या, “हो, लिहिलं.” तंत्रज्ञाने रीड-बॅकच्या रकान्यात बरोबरची खूण केली.

इथे आपण स्वतःला फसवतो. “हो, लिहिलं” हा रीड-बॅक नव्हे. ऐकलेले तोंडाने लगेच परत म्हणणे हासुद्धा रीड-बॅक नव्हे, कारण कानातला आकडा तोंडातून बरोबर निघतो आणि कागदावर वेगळाच उतरतो. रीड-बॅक म्हणजे ऐकणाऱ्याने आधी लिहायचे आणि मग लिहिलेल्यावर नजर ठेवून ते वाचून दाखवायचे. सांगणाऱ्याने तेव्हा स्वतःच्या स्क्रीनकडे पाहत ते पडताळायचे आणि “बरोबर” किंवा “चूक, पुन्हा लिहा” असे स्पष्ट म्हणायचे. हे शेवटचे ‘बरोबर’ झाल्याशिवाय फोन पूर्ण होत नाही आणि तिसरी वेळ लिहायची ती त्या क्षणाची. अमेरिकेत प्रयोगशाळांतून केलेल्या ८२२ फोनचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निकाल परत म्हणून घेतल्यावर २९ फोनमध्ये चूक सापडली, म्हणजे शंभरात साडेतीन. आपल्याकडच्या गोंगाटाच्या वॉर्डांत आणि तीन-तीन भाषांच्या संभाषणात हा आकडा कमी असेल, असे मानायला मला तरी काही कारण दिसत नाही.

तीन भाषांचा मुद्दा मी उगाच काढत नाही. आपल्या प्रयोगशाळेतला मुलगा मराठीत विचार करतो, आकडे इंग्रजीत सांगतो आणि पलीकडच्या सिस्टर केरळच्या किंवा हिंदी मुलखातल्या असू शकतात. मराठी आकड्यांची तर स्वतःचीच अडचण आहे. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’, ‘बावन्न’ आणि ‘बासष्ट’ हे शब्द खरखरणाऱ्या इंटरकॉमवर एकमेकांच्या इतके जवळ येतात की मराठी माणसालाही पुन्हा विचारावे लागते. ‘साडेसहा’, ‘सव्वादोन’, ‘अडीच’ हे घरी भाजी घेताना ठीक आहेत; पोटॅशियम सांगताना ते वापरू नयेत. इंग्रजीतही ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ आहेतच, आणि ‘फाइव्ह’ व ‘नाइन’ यांचा गोंधळ तर इतका जुना आहे की विमानांच्या रेडिओ संभाषणात नऊसाठी मुद्दाम ‘नाइनर’ असा उच्चार ठरवून दिलेला आहे. उपाय सोपा आहे. आकडा आधी पूर्ण सांगायचा आणि मग एकेक अंक सुटा करून सांगायचा. प्लेटलेट लाखांत सांगायच्याच नाहीत, “बारा हजार, एक, दोन, शून्य, शून्य, शून्य” असे म्हणायचे. दशांश असेल तर पॉइंटच्या आधीचे शून्यसुद्धा म्हणायचे. त्या रात्री “शून्य पॉइंट एक दोन” म्हटले गेले असते, तर शून्य ऐकून पलीकडचा हात थांबला असता.

मात्र माझा आग्रह याच्या पुढचा आहे, आणि तो नोंदीबद्दल आहे. रीड-बॅकच्या रकान्यात खूण करायची नाही. समोरून जो आकडा वाचून दाखवला गेला, तो तिथे आकड्यात लिहायचा. खूण फोन न होताही करता येते; मी तर अशी रजिस्टरे पाहिली आहेत की ज्यांत ‘रीड-बॅक : होय’ असे छापूनच येते. ऐकलेला आकडा लिहायचा तर तो आधी ऐकावा लागतो. ‘सांगितले : १२,०००’ आणि ‘वाचून दाखवले : १२,०००’ असे दोन रकाने शेजारी असले की तंत्रज्ञाला समोरच्याकडून आकडा मागून घ्यावाच लागतो. आणि पहिल्या वेळी चुकीचा आकडा वाचला गेला असेल, तर तोही लिहावा : “वाचून दाखवले : १.२ लाख, दुरुस्त करून पुन्हा १२,०००.” यात कोणाची चुगली नाही. कुठल्या चाचणीत, कुठल्या प्रकारच्या आकड्यात घोळ होतो, हे वर्षाअखेरीस यांतूनच कळणार आहे.

आता ‘कोणाला’. आमच्या रजिस्टरमध्ये ‘सिस्टर’ लिहिले होते. त्या रात्री वॉर्डात दोन सिस्टर आणि एक विद्यार्थिनी होती. फोन कोणी घेतला, यावर पहिल्या दिवशी तिघींपैकी कोणीच ठामपणे बोलू शकली नाही, कारण रात्रभरात इंटरकॉम कितीतरी वेळा वाजला होता. अखेर हस्ताक्षरावरून उलगडा झाला. ‘सिस्टर’, ‘आरएमओ’, ‘वॉर्ड’, ‘आयसीयू’ ही माणसांची नावे नव्हेत. नोंदीत पूर्ण नाव आणि पद हवे, आणि जिथे कर्मचारी क्रमांक आहे तिथे तोही हवा, कारण एकाच आडनावाच्या तीन सिस्टर एका पाळीत असणे आपल्याकडे नवलाचे नाही. नाव विचारायला तंत्रज्ञ बिचकतात, विशेषतः समोर डॉक्टर असले तर. रात्री तीनला झोपेतून उठलेल्या निवासी डॉक्टरांना “सर, आपलं पूर्ण नाव?” असे विचारल्यावर काय ऐकावे लागते, हे मी चांगले अनुभवले आहे. म्हणून ही विचारणा तंत्रज्ञाच्या धिटाईवर सोडू नये. फोन घेणाऱ्यानेच आधी स्वतःचे नाव सांगायचे, असा लेखी आदेश आपल्या सहीने निघाला तर निम्मे काम होते.

निकाल कोणी घ्यायचा, हेही ठरलेले हवे. फोन मावशींनी किंवा वॉर्डबॉयने उचलला तर त्यांना निकाल सांगायचा नाही. ड्युटीवरच्या सिस्टरांना किंवा डॉक्टरांना बोलवायला सांगून लाइनवर थांबायचे. विद्यार्थिनीलाही नाही. सिस्टरांनी घेतला तर त्यांचे काम तिथे संपत नाही. त्यांनी डॉक्टरांना किती वाजता कळवले आणि डॉक्टरांनी काय सांगितले, ही नोंद रुग्णाच्या केस पेपरवर व्हायला हवी. ही साखळीची दुसरी कडी आहे आणि ती प्रयोगशाळेच्या वहीत कधीच दिसणार नाही, म्हणून मी हे पत्र अधिसेविकांनाही लिहीत आहे.

रुग्णाची ओळख हा विषय आपल्या नियमावलीत व्यवस्थित लिहिलेला असतो, म्हणून त्यावर फार थांबत नाही. एवढेच सांगते की खाट क्रमांक ही ओळख नव्हे. डेंग्यूच्या दिवसांत रुग्ण संध्याकाळी एका खाटेवर आणि रात्री दुसऱ्या खाटेवर असतो, आणि नमुन्यावर जुनीच खाट लिहिलेली असते. पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक, दोन्ही सांगायचे आणि दोन्ही वाचून घ्यायचे.

त्या प्रसंगानंतर आमच्याकडे जी पद्धत बसली, त्यातला एक फोन कसा चालतो ते लिहिते. नाव अर्थातच गाळले आहे.

“प्रयोगशाळेतून बोलतोय, क्रिटिकल निकाल आहे. आपलं नाव सांगा आणि पॅड घ्या.” पलीकडून स्टाफ नर्स आपले पूर्ण नाव आणि क्रमांक सांगतात. “रुग्णाचं नाव अमुक, नोंदणी क्रमांक चार, एक, सात, दोन, नऊ. चाचणी पोटॅशियम. निकाल सहा पॉइंट आठ. सुटा सांगतो : सहा, पॉइंट, आठ. एकक मिलीमोल प्रति लिटर. रक्त दीड वाजता काढलेलं आहे, नमुना हिमोलाइज्ड नाही. आता लिहिलेलं वाचून दाखवा.” त्या नाव, क्रमांक, चाचणी आणि आकडा वाचतात. “बरोबर. माझं नाव अमुक. माझ्याकडे आता ०२:४१ झाले आहेत, तीच वेळ लिहा.”

हे सगळे साधारण एका मिनिटात होते. शेवटच्या वाक्याकडे मुद्दाम लक्ष वेधते. वेळ सांगून लिहायला लावली, की दोन्ही वह्यांत एकच घड्याळ येते. आम्ही पस्तीस मिनिटांच्या फरकावर जेवढा काळ घालवला, तो या एका वाक्याने वाचला असता.

फोन उचललाच गेला नाही, तर आपण बहुतेकदा काहीच लिहीत नाही, आणि शेवटी लागलेल्या फोनचीच नोंद करतो. खरे तर न लागलेले फोन तितकेच लिहिण्यासारखे असतात : “०२:२४ इंटरकॉम वाजला, उचलला नाही. ०२:२७ पुन्हा, व्यस्त. ०२:३० आरएमओ ड्युटी मोबाइल, लागला.” वैद्यकीय प्रयोगशाळांसाठी असलेल्या आयएसओ १५१८९ या मानकातही क्रिटिकल निकालाच्या नोंदीत तारीख, वेळ, जबाबदार व्यक्ती, कळवलेली व्यक्ती आणि कळवलेला निकाल यांच्याबरोबर कळवताना आलेल्या अडचणी नोंदवायला सांगितले आहे. २०२२ च्या आवृत्तीत, सांगितलेले अचूक पोहोचल्याची पडताळणीही त्यात आली आहे. एनएबीएलची मान्यता याच मानकावर मिळते, त्यामुळे मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना यात नवे असे काही नाही. पण कोणाला, किती मिनिटांनी, कितव्या क्रमाने फोन करायचा, याची यादी प्रयोगशाळा एकटी ठरवू शकत नाही. ती वैद्यकीय अधीक्षकांनी ठरवून द्यावी लागते आणि त्यातला प्रत्येक क्रमांक रात्री खरोखर उचलला जातो का, हे पाहावे लागते.

ओपीडीचे रुग्ण ही सर्वांत अवघड बाब आहे. नमुना दुपारी दिलेला असतो, निकाल संध्याकाळी सातला येतो, दवाखाना बंद झालेला असतो आणि फॉर्मवर डॉक्टरांचे नाव तेवढे असते. अशा वेळी तंत्रज्ञ व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचा फोटो टाकतो आणि दोन निळ्या खुणा दिसल्या की सुटकेचा श्वास सोडतो. निळी खूण म्हणजे कोणाच्या तरी हातातला फोन उघडला गेला, एवढेच. तो डॉक्टरांचा होता की घरातल्या मुलाचा, हे तिला ठाऊक नसते आणि आकडा कोणी वाचला याचा तर ती काहीच पुरावा देत नाही. संदेश पाठवावा, पण फोनची जागा त्याला देऊ नये. ओपीडीच्या फॉर्मवर डॉक्टरांचा आणि रुग्णाचा असे दोन संपर्क क्रमांक असल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही, हा उपाय सकाळच्या खिडकीवर करावा लागतो. रात्री त्याला उशीर झालेला असतो.

संगणकीय प्रणाली आली की हे सगळे आपोआप सुटेल, असे काही जणांना वाटते. प्रणालीत चौकट उघडते, ती भरल्याशिवाय निकाल पुढे जात नाही, हे चांगलेच आहे. पण त्या चौकटीत ‘रीड-बॅक’समोर आधीच ‘होय’ निवडलेले असते आणि वेळेच्या जागी प्रणाली चालू क्षण भरते. तंत्रज्ञाने तीन फोन करून मग तिन्ही चौकटी एकदम भरल्या, तर तिन्ही फोन एकाच मिनिटाला झालेले दिसतात. म्हणून प्रणाली घेताना फोनची वेळ तंत्रज्ञाला स्वतः भरता यावी, नोंद कधी केली ती वेळ प्रणालीने वेगळी ठेवावी आणि कुठलाही रकाना आधीच भरलेला नसावा, या तीन गोष्टी पुरवठादाराकडून करून घ्याव्यात. फोन ध्वनिमुद्रित करण्याची सोय काही ठिकाणी आहे. वाद झाला तर तिचा उपयोग होतो. मात्र पहाटे चारला रुग्णापाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांना वहीची ओळ लागते, ध्वनिफीत नव्हे.

रीड-बॅकची मर्यादाही सांगायला हवी. तो फक्त आकडा जसाच्या तसा पोहोचल्याचे सांगतो. आकडा त्याच रुग्णाचा आहे किंवा खरा आहे, हे तो सांगत नाही. डेक्स्ट्रोजची सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त काढले तर ग्लुकोज भरमसाट आणि सोडियम कमी येईल. ईडीटीएच्या जांभळ्या नळीतले रक्त दुसऱ्या नळीत ओतले तर पोटॅशियम खूप जास्त आणि कॅल्शियम अविश्वसनीय कमी येईल. आणि हे चुकीचे आकडे उत्तम रीड-बॅक होऊन वॉर्डात पोहोचतील. म्हणून नमुन्याबद्दल शंका असेल तर ती फोनवर सांगावी आणि रजिस्टरमध्येही लिहावी : “नमुना हिमोलाइज्ड, पुन्हा पाठवण्यास सांगितले.” शंका आहे म्हणून फोनच न करणे मात्र चुकीचे आहे.

दुसरी मर्यादा संख्येची. पॅनिक व्हॅल्यूची कल्पना १९७२ मध्ये अमेरिकेतील पॅथॉलॉजिस्ट जॉर्ज लुंडबर्ग यांनी मांडली, तेव्हा तिच्यात दोन अटी होत्या : लगेच काही केले नाही तर जिवाला धोका असावा, आणि करण्यासारखे काही असावे. आपल्या याद्यांत मात्र वर्षागणिक भर पडत गेली आहे. नियमित डायलिसिसच्या रुग्णाचे क्रिएटिनिन दर वेळी क्रिटिकल म्हणून कळवायला लावले, की सिस्टर ऐकणे सोडतात, तंत्रज्ञ पाठ म्हणतो आणि खरा बारा हजारांचा फोन त्याच सुरात निघून जातो. यादी प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी क्लिनिकल विभागांबरोबर बसून छोटी करावी.

आपल्याकडची नोंद खरी आहे की नाही, हे तपासायला फार वेळ लागत नाही. एका महिन्याची पाने उलटा. सगळ्या वेळा ० किंवा ५ वर संपत असतील, तर त्या आठवून लिहिलेल्या आहेत. पाळीतल्या सर्व नोंदी एका शाईत, एका दमात लिहिलेल्या दिसत असतील, तर त्या पाळीच्या शेवटी केलेल्या आहेत. फोनची वेळ व्हेरिफाय झालेल्या वेळेच्या आधीची असेल, तर घड्याळ तरी चुकले आहे किंवा नोंद तरी. नंतर दहा नोंदी निवडून त्या रुग्णांचे केस पेपर काढा आणि वॉर्डातली वेळ, नाव आणि आकडा जुळतो का ते पाहा. हे दुसरे काम सहसा कोणी करत नाही, कारण त्यासाठी प्रयोगशाळा आणि परिचर्या विभाग एका टेबलावर बसावे लागतात. उशिरा केलेली नोंद दिसली तर शिक्षा करू नका. “उशिरा नोंद” असे लिहून लिहिण्याची वेळ टाकण्याची मुभा द्या. शिक्षेच्या भीतीने माणसे वेळ मागची टाकतात आणि मग ती वही कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. चुकीवर व्हाइटनर लावू नये. एक रेघ मारावी, खालचे वाचता यावे आणि शेजारी सही व वेळ असावी.

आपल्याकडे माझ्या मागण्या थोड्या आहेत. वैद्यकीय अधीक्षकांनी फोन घेणाऱ्याने नाव सांगण्याचा आणि न लागल्यास पुढे कोणाला कळवायचे याचा लेखी आदेश काढावा. अधिसेविकांनी प्रत्येक वॉर्डात फोनशेजारी छापील पॅड ठेवावे, ज्यावर रुग्णाचे नाव, क्रमांक, चाचणी, आकडा, प्रयोगशाळेने सांगितलेली वेळ आणि डॉक्टरांना कळवल्याची वेळ एवढेच रकाने असतील, आणि तो कागद नंतर केस पेपरला लागेल. नाहीतर आकडा हातावर किंवा ग्लोव्हच्या पाकिटावर लिहिला जातो आणि तिथेच राहतो. प्रयोगशाळा प्रमुखांनी रजिस्टरमधला खुणेचा रकाना काढून तिथे आकड्याचा रकाना करावा, आणि वेळ लिहिण्यासाठी भिंतीकडे पाहण्याची सवय मोडावी. आमच्या प्रयोगशाळेतले ते भिंतीवरचे घड्याळ आम्ही उतरवून ठेवले आहे. नव्याने आलेली मुले अजूनही सवयीने वर बघतात, तिथे खिळा तेवढा दिसतो आणि मग ती स्क्रीनच्या कोपऱ्याकडे वळतात.

आपली विश्वासू,
एक वरिष्ठ प्रयोगशाळा तंत्रज्ञ